ऑफसाइटचा मामा कोण?

डिसेंबर लागला की आमच्या टीमला ऑफसाइटची आठवण होते आणि मॅनेजरांना लोकशाहीची. 2 तारखेला दुपारी ग्रुपवर पोल पडला: फेब्रुवारीत कर्जतला दोन दिवस, 5-6, 12-13, 19-20, 26-27, सगळे गुरुवार-शुक्रवार, ‘ज्या ज्या तारखा सोयीच्या त्या टिक करा.’ गेल्या वर्षी याच गोष्टीवर या सदरात खरडलं होतं तेव्हा दोघातिघांनी ‘तुम्ही फार खडूस आहात’ असं कळवलं होतं. त्यांनी आता पुढचं वाचावं.

पंधरा दिवस पोल उघडाच होता. अकरा जणांची मतं पडली ती अशी: पहिल्या तारखेला 8, दुसरीला 7, तिसरीला 10, चौथीला 9. बुधवारी संध्याकाळी 19-20 जाहीर झाली आणि खाली नऊ अंगठे उमटले. अंगठ्यांबद्दलचं माझं मत नियमित वाचकांना पाठ आहे, तरी पुन्हा सांगतो: पूर्वी अंगठेबहाद्दर म्हणजे ज्याला सही करता येत नाही तो. आता ज्याला ‘हो, येतो’ एवढं लिहिणं होत नाही तो.

जाहीर झाल्यावर तासाभरात खासगी फोन सुरू झाले. 19 ला शिवजयंती, हक्काची सुट्टी, ती कर्जतच्या रिसॉर्टमध्ये घालवायची कुणालाच इच्छा नव्हती. पण बाकीच्यांनी टिक केली म्हणून आपणही केली. आणि दहांमध्ये नसलेली एकमेव व्यक्ती म्हणजे जिच्या नव्या कामाची आखणी करायला ही ऑफसाइट भरवायची होती तीच. तिच्या मुलीची दहावी 20 ला सुरू होते. पोलच्या हिशेबात ती अकरातली एक. दहा विरुद्ध एक, म्हणजे दणदणीत बहुमत!

आता मथळ्यातल्या मामाकडे वळू. आमच्याकडे धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी तीनशे माणसांना कार्ड पाठवून ‘कुठली तारीख बरी?’ असं विचारलं नव्हतं. गुरुजींनी पंचांग उघडलं ते आधी काय होत नाही ते बघायला. तो महिना नको, या तिथीला नको, असं करत करत मुहूर्त उरले चार. मग वडिलांनी एकच ट्रंककॉल लावला, मामाला. कारण ‘मामा, मुलीला घेऊन या’ अशी हाक आली की मामा बोहल्याशी असावाच लागतो. काका नागपूरला अडकला तर लग्न थांबत नाही, मामा अडकला तर थांबतं. मामाची रजा कळल्यावर चाराचे दोन झाले. मग वडील कार्यालयवाल्याकडे गेले, दोन्ही दिवस तोंडी धरून ठेवायला सांगितले, दुसऱ्या दिवशी एकाचा ॲडव्हान्स दिला आणि दुसरा मोकळा केला. तीनशे पाहुण्यांना तारीख कळली ती थेट पत्रिकेतून. ज्यांना जमणार नव्हतं त्या दोन आत्यांकडे मात्र पत्रिका छापायला टाकण्याआधी आई स्वतः जाऊन आली.

या सगळ्यात पसंती विचारलीच नाही कुणी. अडचण विचारली, तीही ज्याच्या अडचणीने कार्य अडेल त्यालाच. आमचा पोल नेमकं उलटं करतो: सगळ्यांना विचारतो, एकाच मापाने मोजतो, आणि विचारतो सोय. सोय विचारली की माणूस सोयीपेक्षा शिष्टाचार सांगतो. हे माझं एकट्याचं कुजकट निरीक्षण नाही. जेम्स झू, रेशेफ मेअर आणि डेव्हिड पार्क्स या संशोधकांनी डूडलवरचे तीन लाखांहून अधिक तारखांचे पोल तपासून 2015 मध्ये निबंध मांडला. जिथे एकमेकांची उत्तरं दिसतात तिथे लोक झाकलेल्या पोलपेक्षा जास्त टिका करतात, आणि त्या जादा टिका पडतात त्या अगदी लोकप्रिय आणि अगदी नावडत्या तारखांवर. लोकप्रियचं कारण आमच्या 19-20 ने दाखवलंच. नावडतीचं त्याहून गमतीचं: ती तारीख लागणार नाही हे दिसतच असतं, मग टिक करून समजूतदार दिसायला काय जातं?

‘सोय’ या शब्दात प्रवास कुठे बसतो हेही पोल सांगत नाही. पुणेकराच्या लेखी ऑफसाइट गुरुवार-शुक्रवारची. आमचा नागपूरचा सहकारी बुधवारी संध्याकाळी विदर्भ एक्सप्रेस धरणार, गुरुवारी सकाळी कल्याणला उतरून कर्जतची लोकल पकडणार, आणि घरी पोहोचणार शनिवारी. त्याने टिक केलेले दोन दिवस खरे चार आहेत. शिवाय रेल्वेचं आगाऊ आरक्षण 2024 च्या नोव्हेंबरपासून 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडतं. 11 फेब्रुवारीच्या गाडीचं 13 डिसेंबरला उघडलं, तेव्हा आमची लोकशाही अजून टिका मोजत होती. पोल किती दिवस उघडा ठेवायचा हे ठरवायला दुसरं पंचांग लागत नाही: सगळ्यांत लांबून येणाऱ्याच्या गाडीचं बुकिंग उघडायच्या आदल्या दिवशी तो बंद झाला पाहिजे.

गुरुवारी मॅनेजरांनी ‘मग तुम्हीच बघा’ म्हटलं. पहिला फोन दहावीच्या आईला, म्हणजे मामाला. 19-20 गेलीच, 26-27 ही पेपरांच्या ऐन धामधुमीत, म्हणून तीही गेली. दुसरा फोन नागपूरला: 5-6 च्या आठवड्यात त्याच्या घरी बारसं, उरली 12-13. सर्वांत कमी मतांची! मग बाकीच्यांना एकच प्रश्न: ‘12-13 ला येणं अशक्य आहे, की ओढाताण आहे, की काही नाही?’ ज्या चौघांनी टिक केली नव्हती त्यांपैकी तिघांची निव्वळ ओढाताण होती. एकाने डॉक्टरची वेळ हलवली, दुसऱ्याने मित्रांबरोबरचा ट्रेक. खरंच अशक्य असलेला एक निघाला, त्याची केरळची तिकिटं महिन्यापूर्वीची. दहा फोनना चाळीस मिनिटं लागली, पंधरा दिवस नाही.

मग रिसॉर्टला फोन करून 19-20 च्या खोल्या सोडल्या आणि 12-13 पक्क्या केल्या. केरळवाल्याला आधी सांगितलं की तुझ्यावाचून होतंय, पहिल्या दिवशी अकरा वाजता तासभर व्हिडिओवर ये. त्यानंतरच ग्रुपवर टाकलं: ‘ऑफसाइट गुरुवार 12 आणि शुक्रवार 13 फेब्रुवारी. गुरुवारी साडेदहाला कर्जत स्टेशन, शुक्रवारी चारला मोकळे. तारीख ठरली, जुना पोल बाद. ज्यांना प्रवासासाठी बुधवार-शनिवार लागतो त्यांची रजा धरायची नाही, मॅनेजरांशी बोललोय. सोमवारपर्यंत तिकिटं काढा.’ शेवटी एक ओळ मुद्दाम घातली: अंगठा चालणार नाही, ‘येतो’ किंवा ‘येते’ लिहा.

सात जणांनी लिहिलं. दोघांनी अंगठा दिला, त्यातला एक मॅनेजरांचा. आणि नागपूरकराने स्क्रीनशॉट पाठवला: विदर्भ एक्सप्रेस, 11 फेब्रुवारी, वेटिंग 14.