तीनास दोन, पण कशाचे?

समजा, म्युनिकमध्ये नोकरी करणारे दोघे, एक नागपूरकर आणि एक सांगलीकर, ६० चौरस मीटरच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहतात. नागपूरकराची खोली १८ चौरस मीटरची, सांगलीकराची १२ची. उरलेल्या ३० मीटरांत स्वयंपाकघर, जेवणाची जागा, बाथरूम आणि पॅसेज. काल्टमीटे, म्हणजे हीटिंग वगैरे धरण्याआधीचं निव्वळ भाडं, महिना १२०० युरो. खोल्या तीनास दोन आहेत, तेव्हा भाडंही तीनास दोन वाटू, यावर दोघांचं चहा संपायच्या आत एकमत होतं. भांडण सुरू होतं ते टक्के काढताना.

नागपूरकराची खोली सांगलीकराच्या खोलीपेक्षा ५० टक्क्यांनी मोठी आहे, हे खरं. म्हणून सांगलीकर सुचवतो की निम्मं भाडं ६०० युरो, त्यात ५० टक्के वाढवून नागपूरकराने ९०० द्यावेत आणि उरलेले ३०० तो स्वतः देईल. नागपूरकर अर्थातच उसळतो. त्याचं म्हणणं, लहान खोली मोठीपेक्षा एक तृतीयांशाने, म्हणजे सुमारे ३३ टक्क्यांनीच लहान आहे. तेव्हा सांगलीकराच्या ६००मधून २०० कमी करा. त्याचे ४००, माझे ८००. दोघांनी वापरलेले टक्के बिनचूक आहेत आणि दोघांचीही वाटणी चुकलेली आहे.

कारण हे टक्के एका खोलीची दुसऱ्या खोलीशी तुलना करतात. वाटणीला हवा असतो तो एका खोलीचा सगळ्या खोल्यांच्या बेरजेतला हिस्सा. तीन आणि दोन मिळून पाच भाग झाले. शंभराचे पाच भाग केले की एक भाग वीसचा. तीन भागांचे ६० टक्के, दोन भागांचे ४०. म्हणजे ७२० आणि ४८० युरो. बेरजेची ही एक पायरी शाळेत भागीदारीची गणितं सोडवताना कुणी विसरत नाही, पण भाड्याच्या गप्पांत ती हटकून गळते. चूक पकडायला एक भागाकार पुरतो. मोठ्या रकमेला लहान रकमेने भागलं की दीड यायला हवा, कारण १८ ही १२ची दीडपट आहे. ७२० भागिले ४८० दीडच येतो. ९०० भागिले ३०० तीन येतो आणि ८०० भागिले ४०० दोन, म्हणजे त्या दोन्ही वाटण्यांत खोल्यांचं प्रमाण केव्हाच हरवलेलं असतं.

बहुतेक फ्लॅटांत हिशेब इथे थांबतो, आणि तो इथे थांबू नये असं या लेखाचं म्हणणं आहे.

खोल्या तीनास दोन आहेत, फ्लॅट नाही. १२०० युरो फक्त दोन खोल्यांचे नसून त्यांत स्वयंपाकघर आणि बाथरूमही आहे. ओट्याचा साठ टक्के भाग नागपूरकराच्या वाट्याला येत नाही, आणि आंघोळीला त्याला दीडपट वेळही मिळत नाही. सामाईक ३० मीटर निम्मे निम्मे धरले की नागपूरकराकडे १८ आणि १५ असे ३३ मीटर येतात, सांगलीकराकडे १२ आणि १५ असे २७. तेहेतिसास सत्तावीस म्हणजे अकरास नऊ. भाग झाले वीस, एक भाग पाच टक्क्यांचा. वाटणी ५५ आणि ४५ टक्के, म्हणजे ६६० आणि ५४० युरो. साठ-चाळीसच्या वाटणीत नागपूरकर महिन्याला ६० युरो, वर्षाला ७२० युरो जास्त देत होता.

सांगलीकराची तक्रार यावर येणारच. प्रमाण सौम्य झालं की त्याचा खर्च वाढतो. त्याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे: काही जुन्या घरांत दिवाणखाना नसतो, स्वयंपाकघरात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला वाट मिळत नाही, आणि राहणं म्हणजे खरोखर आपापल्या खोलीतच. पण याचं उत्तर हिशेबातच आहे. सामाईक जागा फक्त १० मीटर असती, तर तेवीसास सतरा असं प्रमाण आलं असतं, म्हणजे ५७.५ आणि ४२.५ टक्के. सामाईक जागा जितकी आक्रसते, तितकी वाटणी साठ-चाळीसकडे सरकते. त्यासाठी वेगळा नियम करावा लागत नाही.

वाद घालायचाच तर तो मापावर घालावा. छताच्या उताराखाली असलेल्या खोल्यांत जमिनीवर टेप लावून आलेला आकडा फसवा असतो. जर्मनीत २००४पासून लागू असलेल्या राहत्या क्षेत्रफळाच्या नियमांत, ज्या भागाची उंची एक ते दोन मीटर आहे तो निम्माच धरतात आणि एक मीटरपेक्षा कमी उंचीचा भाग धरतच नाहीत. नागपूरकराच्या १८ मीटरांपैकी ६ मीटर एक ते दोन मीटर उंचीच्या उताराखाली असतील, जिथे कपाट ठेवता येत नाही आणि उठताना डोकं आपटतं, तर त्याची खोली १५ची धरायला हवी. मग खोल्यांचं प्रमाण तीनास दोन उरतच नाही, ते पाचास चार होतं. सामाईक जागा धरून तीसास सत्तावीस, म्हणजे दहास नऊ. फरक इतका कमी होतो की सरळ निम्मं करून टाकलं तरी कुणाचं मन दुखू नये.

भाड्यावर लावलेले टक्के बाकीच्या प्रत्येक बिलावर चिकटवणं हा मात्र आळस आहे. सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी घरटी एकच असते. मोठ्या खोलीत टीव्ही जास्त दिसतो असं कुणी म्हणणार नाही. ती आणि इंटरनेट निम्मं निम्मं करावं. वीज माणशी वाटावी. नागपूरकराचं लग्न होऊन खोलीत दोघं राहू लागली तर विजेचे तीन वाटे होतील, खोलीचं माप तेवढंच राहील. हीटिंगचं बिल दुहेरी असतं. सामाईक हीटिंगच्या इमारतीत त्यातला निदान निम्मा आणि फार तर ७० टक्के भाग प्रत्यक्ष वापरावर आकारतात, उरलेला सहसा क्षेत्रफळावर. म्हणून क्षेत्रफळाच्या भागाला ५५-४५ शोभतं. वापराच्या भागासाठी मात्र प्रत्येक रेडिएटरवरच्या मीटरचे आकडे बघणं बरं.

तिसरा माणूस आला की टक्के वेगळाच त्रास देतात. सामाईक जागेचा वाटा धरून तिघांकडे १६, १३ आणि ११ मीटर येत असतील तर हिस्से ४०, ३२.५ आणि २७.५ टक्के. सोयीसाठी अर्धा टक्का वर ढकलला की ४०, ३३ आणि २८ होतात, आणि बेरीज १०१. मग महिनाअखेर कुणाचे तरी १२ युरो कुठे गेले यावर चर्चा रंगते. शेवटच्या माणसाचा हिस्सा शंभरातून वजा करून काढला तर बेरीज जुळते, पण त्यापेक्षा टक्क्यांच्या वाटेला जाऊच नये. स्प्लिटवाइजसारख्या अॅपमध्ये टक्क्यांऐवजी भाग भरायची सोय असते. तिथे ११ आणि ९ लिहिलं, किंवा १६, १३ आणि ११, की सेंटापर्यंतचा हिशेब अॅपच बघतं.

आणि जी वाटणी ठरेल ती तारखेसह लिहून ठेवावी. घरमालकाला तिच्याशी कर्तव्य नसतं. करारावर दोघांच्या सह्या असतील तर पूर्ण भाड्याला दोघंही जबाबदार. पण इतर खर्चाचा वार्षिक हिशेब पाठवायला त्याला वर्ष संपल्यावर आणखी १२ महिन्यांची मुदत असते. तोवर सांगलीकर हॅम्बुर्गला गेलेला असेल, त्याच्या खोलीत तिसराच कुणी राहत असेल, आणि २०० युरोंची थकबाकी ज्या वर्षाची आहे त्या वर्षी प्रमाण अकरास नऊ होतं की दहास नऊ, हे कागदावरच सापडेल.