नमुन्याची बैठक आणि घरची बैठक

गेल्या महिन्यात आमच्या अंबाजोगाईच्या घरी एक नवा सोफा आला आणि आल्या दिवसापासून चार दिवस त्यावर कोणीही बसले नाही. शेजारच्या मंडळींस याचे नवल वाटले. वस्तुतः ही बैठक घेतली होती ती आमच्या आत्याबाईंकरिता. त्यांचे गुडघे धरतात. खाली बसल्यास उठता येत नाही आणि बैठक उंच व घट्ट असावी असे डॉक्टरांनी बजावून सांगितलेले. त्यासाठी त्यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून साठविलेले बेचाळीस हजार रुपये आमच्या स्वाधीन केले होते.

बीड येथील एका दुकानात आम्ही त्यांस घेऊन गेलो. तेथे मांडलेल्या तीन आसनी सोफ्यावर त्या दोनदा बसल्या आणि कोणाचा हात न धरता उठल्या. मग विचार करण्यासारखे उरले नाही. ‘हाच घ्या’ म्हणाल्या. दुकानदाराने सांगितले की हा नमुना आहे, असाच करून पंधरा दिवसांत घरपोच पाठवू. बैठकीत ४० घनतेचा फोम आहे, हेही त्याने कोटेशनमध्ये लिहून दिले. आमच्या पुतण्याने नमुन्याची छायाचित्रे काढली, परंतु ती कापडाचा रंग काकूंस दाखविण्यासाठी. ती पुढे दुसऱ्याच कामी आली.

माल आला तो तिन्हीसांजेला. हमालांस घाई, टेंपो रस्त्यात उभा. ‘माल सुस्थितीत मिळाला’ असे छापलेल्या चलनावर पुतण्याने सही केली आणि उरलेले बावीस हजार देऊन टाकले. आत्याबाई बसल्या त्या खोल गेल्या, आणि दोघांनी धरून त्यांस उठवावे लागले.

पुतण्याने त्याच रात्री दुकानदारास ई-मेल धाडला. त्यात फसवणूक, लूट, ‘वृद्ध माणसाची थट्टा’ असे सर्व काही होते. फक्त सोफ्यात काय चुकले ते नव्हते. सकाळी उत्तर आले : ‘नवा फोम सुरुवातीस असाच वाटतो, वापराने बसेल.’ या वाक्यास खोडून काढण्याजोगे आमच्यापाशी काही नव्हते. म्हणून आम्ही टेप व स्वयंपाकघरातील वजनकाटा घेऊन बसलो.

आधी उंची. दुकानातील छायाचित्रात सोफ्याशेजारी टेप धरलेला नव्हता. परंतु कोटेशनमध्ये बैठकीची उंची १८ इंच दिली होती. घरी ती १६ भरली, कारण पाय आखूड होते. मग फोम. चेन उघडून आम्ही गादीचे कापड व आतला कापसासारखा थर बाजूस केला आणि उघडा फोम मोजला : लांबी ६० सेंटिमीटर, रुंदी ६०, जाडी १२. घनता ४० म्हणजे एक घनमीटर फोमाचे वजन ४० किलो. या आकाराचा फोम ०.०४३२ घनमीटर होतो. त्यास ४० ने गुणिले की १ किलो ७२८ ग्रॅम येतात. काट्यावर भरले १ किलो २०० ग्रॅम. म्हणजे घनता २८ च्या सुमारास. तिन्ही गाद्या तशाच. येथे एक सांगितले पाहिजे की घनता म्हणजे कठीणपणा नव्हे. अधिक घनतेचा फोमही मऊ बनविता येतो. तथापि हलका फोम लौकर दबतो व खड्डा धरतो, आणि मुख्य म्हणजे लिहून दिलेले व आलेले यांतील अंतर काटा दाखवितो, तेथे मताचा प्रश्न उरत नाही.

कापडाची छटा किंचित निराळी होती, तीविषयी आम्ही एक अक्षर लिहिले नाही. दुकानातील पिवळ्या दिव्यांखाली रंग निराळा दिसतो, आणि रंगाईच्या दोन खेपा हुबेहूब जुळत नाहीत. दुबळा मुद्दा सबळ मुद्द्यांस ओढून खाली आणतो.

आता कायदा. मालविक्रीचा कायदा १९३० सालचा. त्या वर्षी आमचा हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता, ही एक गंमत. त्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे नमुन्यावरून विक्री झाली असल्यास माल गुणाने नमुन्याशी जुळला पाहिजे, आणि ताडून पाहण्याची वाजवी संधी ग्राहकास मिळाली पाहिजे. मात्र ग्राहकाने नमुना नुसता पाहिला एवढ्याने नमुन्यावरून विक्री होत नाही. तसे उघड वा गर्भित ठरलेले असावे लागते. आमच्या बिलावर केवळ ‘सोफा, तीन आसनी’ एवढेच होते. कोटेशन नसते तर कठीणच होते. चलनावरील सहीने मात्र सर्व काही बुडत नाही. एकेचाळिसाव्या कलमानुसार, आधी न तपासलेला माल हाती आल्यावर तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत तो स्वीकारला असे धरत नाहीत. पण नाकारल्याचे न कळविता वाजवी काळ उलटू दिला, किंवा माल आपलाच समजून वापरला, तर तो स्वीकारल्यासारखा होतो. सोफा चार दिवस रिकामा राहिला त्याचे कारण हे. आत्याबाई आपल्या जुन्या लाकडी खुर्चीवरच बसत होत्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही दुसरा ई-मेल लिहिला, तो असा :

‘विषय : तीन आसनी सोफा नमुन्याप्रमाणे व कोटेशनप्रमाणे नाही, माल स्वीकारलेला नाही.

स. न. वि. वि. आपल्या दुकानातील नमुना पाहून आम्ही सदर सोफा मागविला. कोटेशन व बिल जोडले आहे. माल ता. १२ रोजी सायंकाळी पोचला. तपासता पुढील दोन फरक आढळले. कोटेशनमध्ये बैठकीची उंची १८ इंच, प्रत्यक्षात १६. कोटेशनमध्ये फोम ४० घनतेचा, प्रत्यक्षात ६० × ६० × १२ सेंटिमीटरच्या उघड्या फोमाचे वजन १ किलो २०० ग्रॅम, म्हणजे घनता सुमारे २८. टेप व काट्यासह छायाचित्रे, तसेच आपल्या दुकानातील नमुन्याची छायाचित्रे जोडली आहेत. सोफा आम्ही वापरलेला नाही व या स्थितीत तो स्वीकारीत नाही. दहा दिवसांत गाद्या व पाय कोटेशनप्रमाणे आपल्या खर्चाने बदलून द्यावे. ते शक्य नसल्यास सोफा परत न्यावा व रु. ४२,००० परत करावेत. आपण माणूस पाठवावा. त्याच्यासमोर पुन्हा मोजून दाखवू. कळावे.’

त्यात रागाचा शब्द नाही हे पुतण्यास रुचले नाही. नाकारलेला माल स्वतःच्या खर्चाने पोचवून देण्याचे बंधन, वेगळा करार नसल्यास, ग्राहकावर नाही. म्हणून ‘आपण न्यावा’ असे लिहिले. आयोगाची धमकीही घातली नाही, ती मनात ठेवली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि पाच लाखांपर्यंत दिलेल्या किमतीस शुल्क पडत नाही. तत्पूर्वी १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदविता येते.

दुसऱ्याच दिवशी दुकानदाराचा दूरध्वनी आला. तीन हजार रुपये सूट घ्या व विषय मिटवा, असे त्याचे म्हणणे. पुतण्या डळमळला. आत्याबाईंनी खुर्चीवरूनच विचारले, ‘तीन हजारांत माझे गुडघे बरे होणार का रे?’ सूट नाकारली व तसे ई-मेलने कळविले, कारण दूरध्वनीवरचे बोलणे कागदावर उतरत नाही.

आठव्या दिवशी कारागीर आला. नवे पाय बसविले. तीन गाद्यांचा फोम आम्ही काट्यावर ठेविला : १ किलो ७१०, १ किलो ७२०, १ किलो ७००. सुरीच्या फरकाने इतके कमीजास्त होतेच. कारागिरास चहा दिला. तो घोटभर घेऊन म्हणाला की मालकाने पहिल्या खेपेस ‘जो आहे तो भरा’ असे सांगितले होते. आत्याबाई बसल्या, थोडा वेळ तशाच राहिल्या, मग दोन्ही हात मांडीवर टेकून एकट्या उठल्या आणि कारागिरास आणखी चहा हवा का, हे विचारावयास स्वयंपाकघरात गेल्या.