नावाची पडताळणी दारात नको, अर्जात हवी

१८६९ साली लंडनमध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा चार भारतीय उत्तीर्ण झाले. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्ता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी हे तिघे बंगालचे, तर चौथे श्रीपाद बाबाजी ठाकूर मुंबई इलाख्यातले. निकालानंतर त्यांपैकी दोघांची, बॅनर्जी आणि ठाकूर यांची, नावे यादीतून काढण्यात आली. त्यांच्या उत्तरपत्रिकांविषयी कोणाची तक्रार नव्हती. अर्जावर लिहिलेले वय आणि मॅट्रिकच्या वेळी सांगितलेले वय यांचा मेळ बसत नव्हता, एवढाच आक्षेप होता.

बॅनर्जींचा जन्म नोव्हेंबर १८४८ मधला. डिसेंबर १८६३ मध्ये त्यांनी मॅट्रिकची परीक्षा दिली तेव्हा त्यांना पंधरा पुरी होऊन सोळावे लागले होते. आपल्याकडे चालू वर्ष सांगण्याची रीत असल्यामुळे कागदावर सोळा लिहिले गेले. लंडनच्या आयुक्तांनी ते पुरे झालेले सोळा असे वाचले आणि त्या हिशेबाने उमेदवार एकवीस वर्षांच्या मर्यादेबाहेर गेला. प्रकरण क्वीन्स बेंचपुढे गेले, कौल बॅनर्जींच्या बाजूने लागला आणि दोघांची नावे यादीत परत आली.

दीडशे वर्षांपूर्वीच्या या प्रकरणातला प्रश्न आजही परीक्षा केंद्राच्या दारात उभा राहतो. त्या वेळी वयाचा आकडा जुळत नव्हता, आज नावाचे अक्षर जुळत नाही. दोन कागदांत फरक दिसला की तो लबाडीचा पुरावा मानायचा, की दोन लिहिणाऱ्यांच्या रीतींमधला फरक म्हणून त्याचा खुलासा मागायचा? १८६९ मध्ये आयुक्तांनी पहिला मार्ग धरला होता. बॅनर्जींना न्याय मिळाला, कारण निकाल आणि नियुक्ती यांच्या मध्ये दाद मागायला वेळ होता. सकाळी साडेआठला बंद होणाऱ्या दारापुढे उभ्या असलेल्या उमेदवाराकडे तो वेळ नसतो.

मॅट्रिकचा कागद इतका वजनदार कसा झाला, हे आपल्या इतिहासात स्पष्ट दिसते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ मध्ये झाली. जन्मनोंदणी सर्वत्र होत नव्हती त्या काळात माणसाचे नाव आणि वय एका ठिकाणी, शिक्क्यानिशी लिहिलेला हाच एक कागद बहुतेकांच्या हाती असे. राज्य मंडळाचे दहावीचे प्रमाणपत्र त्याचे वारस ठरले. त्यावर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव असा क्रम असतो. ही अक्षरे येतात शाळेच्या जनरल रजिस्टरमधून. म्हणजे पहिलीत प्रवेश घेताना पालकांनी जे तोंडी सांगितले आणि लिपिकाने जे ऐकून लिहिले, ते पुढे आयुष्यभराच्या अर्जांचे मूळ होते.

या मुळाशेजारी नंतर दुसरी मुळे रुजली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार दिले गेले. आधारवर पूर्ण नाव एकाच ओळीत असते. पासपोर्टवर आडनाव वेगळे आणि उरलेले सारे नाव वेगळे. पॅनच्या अर्जात पहिले, मधले, शेवटचे असे तीन रकाने. एकच मराठी नाव या तीन साच्यांत तीन तऱ्हांनी बसते. त्यात रोमन अक्षरांचा प्रश्न. जाधव हे आडनाव पश्चिम महाराष्ट्रात बहुधा JADHAV असे लिहिले जाते, विदर्भात अनेक घरांत JADHAO. दत्तात्रयच्या शेवटी एखादा A कधी असतो, कधी नसतो. ज्ञानेश्वरची सुरुवात आपण DNY ने करतो, हिंदी वळणाने लिहिणारा GY ने करतो. वडिलांच्या नावाला एका कागदावर राव लागते, दुसऱ्यावर लागत नाही. यांपैकी कोणीही खोटे बोललेले नसते.

तरीही परीक्षा घेणाऱ्यांची कडक भूमिका निराधार नाही. दुसऱ्याच्या नावावर परीक्षेला बसणारे तोतये आहेत. जुलै २०२४ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाने एका परिविक्षाधीन अधिकाऱ्याची उमेदवारी रद्द केली. स्वतःचे आणि आईवडिलांचे नाव बदलून परवानगीपेक्षा जास्त वेळा परीक्षा दिल्याचा ठपका आयोगाने ठेवला होता. अशा वेळी नावाची काटेकोर जुळणी हा प्रामाणिक उमेदवारांच्या हिताचाच नियम ठरतो. बँकांच्या भरतीत आयबीपीएसची सूचना म्हणूनच थेट आहे: प्रवेशपत्रावरचे आणि ओळखपत्रावरचे नाव तंतोतंत जुळले पाहिजे, नाही तर बसू दिले जाणार नाही. नाव बदलले असेल तर राजपत्र, विवाह प्रमाणपत्र किंवा प्रतिज्ञापत्र मूळ स्वरूपात हवे. एमपीएससीही नावात बदल झालेल्यांकडून राजपत्र, विवाह निबंधकांचा दाखला किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचा दाखला परीक्षेच्या वेळी मागते. अडचण येते ती हे कागद जोडूनही साखळी पुरी होत नाही तेव्हा.

एक कल्पित, पण रोजच्या व्यवहारातले उदाहरण घेऊ. अकोल्याच्या वैशालीच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर JADHAO VAISHALI DATTATRAY असे आहे. कॉलेजात असताना काढलेल्या पॅनवर VAISHALI DATTATRAYA JADHAV. लग्नानंतर आधार बदलले, त्यावर Vaishali Sachin Shinde. विवाह प्रमाणपत्रावर वधूचे नाव Vaishali Dattatray Jadhav. बँकेच्या परीक्षेचा अर्ज तिने दहावीप्रमाणे भरला, म्हणून प्रवेशपत्रावर JADHAO आले. आता तिच्याजवळ चार खरे कागद आहेत. केवळ आधार नेले तर प्रवेशपत्राशी फक्त ‘वैशाली’ जुळते. पॅन नेले तर क्रम उलटा आहे. तो समजावून सांगता येईल, कारण शब्द तेच आहेत. पण आडनावातले शेवटचे अक्षर आणि वडिलांच्या नावातला जादा A उरतो. विवाह प्रमाणपत्र आधारला जोडले तर शिंदे ते जाधव हा धागा लागतो, मात्र तो JADHAV पर्यंत जातो, JADHAO पर्यंत पोहोचत नाही. शेवटचे एक अक्षर केंद्रावरच्या पर्यवेक्षकाच्या मर्जीवर राहते.

हा गुंता सोडवणारा कागद म्हणजे राजपत्र. महाराष्ट्र शासन राजपत्रात नाव बदलल्याची सूचना देताना जुने नाव आणि नवे नाव असे दोन्ही लिहावे लागते. वैशालीने जुन्या नावाच्या जागी दहावीचे अक्षर न् अक्षर, JADHAO सह, लिहायला हवे आणि नव्या नावाच्या जागी आधारवरचे अक्षर न् अक्षर. मग प्रवेशपत्र आणि आधार यांच्यामध्ये एकही सुटा दुवा राहत नाही. याच टप्प्यावर पुष्कळजण चुकतात. ते जुन्या नावाच्या जागी आपण रोज लिहितो ते रूप देतात. छापलेले राजपत्र हाती येते, पण ते दहावीच्या प्रमाणपत्राशी जुळत नाही.

लग्नाचा प्रश्न नसून नुसत्या अक्षरांचा फरक असेल, तर मार्ग सोपा आहे. दहावीचे प्रमाणपत्र स्थिर धरावे आणि बाकीचे कागद त्याच्याकडे आणावेत. उलट्या दिशेने जाऊ नये, कारण विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टर बदलणे फार अवघड होते, आणि ते बदलल्याशिवाय मंडळाचे प्रमाणपत्र बदलत नाही. आधारमधले नाव सर्वसाधारणपणे आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून पहिली दुरुस्ती घाईने करू नये. दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवून करावी. त्यासाठी महिनाभर धरून चालावे, राजपत्रासाठी त्याहून अधिक. अर्ज भरण्याची मुदत सुरू झाल्यावर हे काम हाती घेणाऱ्याला बहुधा उशीर झालेला असतो. प्रवेशपत्र हातात आल्यावर तर करण्यासारखे फारच थोडे उरते.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती मात्र दहावीच्या वर्षातच होते. परीक्षेपूर्वी मंडळाकडून शाळेला विद्यार्थ्यांची प्रीलिस्ट येते आणि ती तपासून सह्या घ्यायच्या असतात. अनेक शाळांत ही सही वर्गात घाईने, पालकांना न दाखवता होते. त्या दिवशी मुलाने आपले आधार शेजारी ठेवून रोमन आणि देवनागरी दोन्ही नावे वाचली, तर वैशालीसारखी परवड टळते. मुख्याध्यापकांनी ही यादी एक दिवस घरी पाठवावी, एवढीच मागणी आहे, आणि ती अवाजवी नाही.

पण सारा भार उमेदवारावर टाकून संस्थांना मोकळे होता येणार नाही. जुळणी यंत्राने होऊ शकते, तर ती अर्ज भरतानाच झाली पाहिजे. २०२५ च्या जेईई मेनच्या नोंदणीत आधार आणि दहावी यांच्या नावांतला फरक अनेकांना अडवू लागला, तेव्हा राष्ट्रीय चाचणी संस्थेने आधारवरचे नाव वेगळे भरण्याची सोय दिली. दोन्ही नावे एकाच अर्जावर आली आणि फरकाची नोंद परीक्षेआधीच झाली. हीच रीत प्रत्येक भरती परीक्षेत हवी. अर्जात ‘ओळखपत्रावरील नाव’ असा रकाना असावा. फरक असल्यास तेथेच राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र अपलोड व्हावे. ते मान्य की अमान्य, हे उमेदवाराला मुदतीच्या आत कळावे. आणि मान्य झालेल्या फरकाचा उल्लेख प्रवेशपत्रावर छापावा. केंद्रावरच्या पर्यवेक्षकाला मग अर्थ लावावा लागणार नाही. तोतया पकडण्यासाठी त्याच्यापाशी चेहरा आणि बोटांचे ठसे आहेतच, आणि ते पुरावे म्हणून अक्षरांपेक्षा कितीतरी पक्के आहेत.

ही व्यवस्था लवकर लावण्याचे आणखी एक कारण आहे. राज्य सरकारच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचे नाव शासकीय कागदांवर बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे चार शब्दांत लिहिले जाते. आईला मिळालेली ही जागा न्याय्य आहे आणि फार उशिरा मिळाली आहे. पण देशभरातल्या अनेक अर्जांचे रकाने आजही पहिले, मधले, शेवटचे असे तीनच आहेत. ही मुले २०४० च्या सुमारास दहावीला बसतील. त्यांच्या आईचे नाव कुठल्या रकान्यात जाणार, हे राज्य मंडळ, आधार प्राधिकरण आणि परीक्षा संस्था यांनी आता एकत्र बसून ठरवले नाही, तर आईचा मान राखणारा निर्णय तिच्याच मुलाला केंद्राबाहेर थांबवील. बॅनर्जींना न्यायालयात जावे लागले, कारण फरकाचा खुलासा ऐकण्याची सोय परीक्षेच्या नियमांत नव्हती. ती सोय नियमात लिहिणे आज आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी आपल्याला २०४० पर्यंतचा वेळ मिळाला आहे.