नुसतं ‘इको-फ्रेंडली’ पुरत नाही

‘शाडूची, इको-फ्रेंडली मूर्ती’ एवढ्या शब्दांवर बुकिंग घेणाऱ्यांचं म्हणणं ठरलेलं असतं : गिऱ्हाईक बाप्पाचा चेहरा बघतं, माती-रंगाचा तपशील कोण वाचतो? मला हे अजिबात मान्य नाही. चेहरा फोटोत दिसतो. मूर्ती पाण्यात विरघळेल की नाही, ते दिसत नाही. म्हणूनच ते लिहून द्यायला हवं.

‘मातीची’ म्हणूनही भागत नाही. भाजलेली मूर्तीही मातीचीच असते आणि ती विरघळत नाही. ‘कच्ची शाडू’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तर पडताळता येतं. मूर्तीच्या तळाला रंग नसेल तिथे ओलं बोट चोळावं. शाडू मऊ पडते, बोटाला चिखल लागतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पाणी पितं, पण कडकच राहतं.

सगळ्यात मोठी फसगत रंगात होते. ‘वॉटर कलर आहेत, काळजी नको,’ असं सांगितलं जातं. पण भिंतीला देतो ते इमल्शनसुद्धा पाण्यातच कालवलेलं असतं. वाळल्यावर त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो. मग आतली शाडू कितीही अस्सल असो, पाणी तिच्यापर्यंत उशिरा पोचतं आणि पापुद्र्याचे तुकडे बादलीत तरंगत राहतात. वरून वॉर्निश मारलं असेल तर आणखीच वाईट. तेव्हा रंग कशाचे ते नावानिशी लिहा : गेरू, हळद, खडू, बांधायला डिंक. असा रंग ओल्या कापसाला लागतो, पापुद्रा सुटत नाही.

पाटासह 12 इंचांची, डिंकात कालवलेल्या गेरू-हळदीने रंगवलेली कच्च्या शाडूची मूर्ती घ्या. हार, वस्त्र, निर्माल्य काढून ती पूर्ण बुडेल एवढ्या उंच बादलीत ठेवली, की साधारण दिवसभरात खाली गाळ उरतो. म्हणून उंची पाटासह की पाटाशिवाय, हे सांगायलाच हवं. बादली त्यावरच ठरते. उंची वाढवताना वजनाचंही भान हवं. भरीव मूर्तीची घडण तीच ठेवून उंची दुप्पट केली, तर वजन आठपट होतं. गाळ थेट कुंडीत ओतायचा सल्लाही अर्धवट आहे. नुसती शाडू वाळली की दगडासारखी घट्ट होते, मुळांना हवा मिळत नाही. वाळवून मूर्तिकाराला परत दिली, तर पुन्हा वापरता येते. ‘गाळ परत घेतो’ असं जो लिहितो, त्याच्याकडे मी डोळे झाकून बुकिंग करीन.

राहिली बुकिंगची मुदत. ती गिऱ्हाइकाला घाईत पाडायची युक्ती आहे, असा आक्षेप असतो. शाडूच्या बाबतीत तो खोटा आहे. शाडू सावलीतच वाळवावी लागते. उन्हात ठेवली की तडकते. श्रावणातल्या दमट हवेत तर ती आतून लवकर सुकतच नाही. ओल असतानाच रंग चढवला, तर तो फुगतो, बुरशीचे डाग येतात. त्यामुळे ‘बुकिंग आषाढ अमावास्येपर्यंत’ असं लिहून नंतरची मागणी नाकारणारा मूर्तिकार आडमुठा नसतो. चतुर्थीच्या आठवड्यातही शाडूची हवी तेवढी नवी मूर्ती करून देतो म्हणणाऱ्याला मात्र आधी विचारावं, ती वाळवणार कधी?