विश्लेषण: पावसाळ्यात आणि थंडीत सर्दी का वाढते? दोष पावसाचा की बंद खिडकीचा?

जूनच्या मध्यावर नवी मुंबईत दोन गोष्टी एकाच सुमारास सुरू होतात, पाऊस आणि शाळा. त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत वाशी, नेरूळ, कोपरखैरणे, घणसोलीतल्या दवाखान्यांबाहेर नाक पुसणारी मुले दिसू लागतात. पालकांकडे कारण तयार असते, ‘पावसात भिजला’. डिसेंबर-जानेवारीत हेच दृश्य पुन्हा दिसते आणि तेव्हा दोष थंडीवर जातो. पण नवी मुंबईचा पावसाळा दमट आणि उबदार असतो, तर हिवाळा तुलनेने कोरडा आणि सौम्य. इतक्या वेगळ्या दोन हवामानांत एकच आजार वाढत असेल, तर दोन्हींत समान असलेली गोष्ट शोधायला हवी. ती आभाळात कमी आणि घरात, वर्गात, कार्यालयात जास्त सापडते.

भिजल्याने सर्दी होते का?

सर्दी विषाणूमुळे होते. त्यातला सर्वाधिक आढळणारा गट म्हणजे ऱ्हायनोव्हायरस. त्याचे दीडशेहून अधिक प्रकार असल्याने एकदा सर्दी झाली म्हणून पुढच्या वेळी सुटका होत नाही. पावसाच्या पाण्यात हा विषाणू नसतो. तो दुसऱ्या माणसाच्या नाका-घशातूनच येतो.

इंग्लंडमध्ये सॉल्झबरी येथे 1946 पासून चार दशकांहून अधिक काळ सर्दीवर संशोधन करणारे केंद्र होते. तिथे स्वयंसेवकांना ओलेचिंब करून गार वाऱ्यात उभे करण्याचे प्रयोगही झाले, पण गारठलेल्यांना जास्त सर्दी झाल्याचे दिसले नाही. पुढे 2005 मध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या प्रयोगात 90 जणांनी 20 मिनिटे थंड पाण्यात पाय बुडवले, तर 90 जण तसेच बसले. पुढच्या चार-पाच दिवसांत पहिल्या गटातल्या 13 आणि दुसऱ्या गटातल्या 5 जणांनी सर्दी झाल्याचे सांगितले. मात्र त्यांच्या नाकात विषाणू होता की नाही हे तपासले गेले नव्हते. त्यामुळे इतकेच म्हणता येते, की नाकात आधीच शिरलेल्या विषाणूला गारठ्याने थोडी मदत मिळत असावी. नाकाच्या आतली हवा गार झाली की तिथला बचाव मंदावतो, असे प्रयोगशाळेतही दिसले आहे. विषाणू मात्र आधी कोणाकडून तरी यावा लागतो.

मग ‘भिजल्यावर सर्दी’ हा अनुभव इतका पक्का का वाटतो? विषाणू शिरल्यापासून शिंका सुरू होईपर्यंत साधारण एक ते तीन दिवस जातात. जुलैत नवी मुंबईत पाऊस जवळपास रोजच असतो. म्हणजे कोणतीही सर्दी झाली, तरी दोन दिवसांपूर्वी भिजल्याची आठवण हमखास असते. त्याच दिवशी बंद वर्गात शेजारी शिंकणारा मुलगा कोणाच्या लक्षात राहत नाही.

विषाणू नेमका कसा पोहोचतो?

हातातून आणि हवेतून असे दोन मार्ग आहेत. यातला कोणता महत्त्वाचा, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात एलियट डिक आणि सहकाऱ्यांनी एक युक्ती केली. त्याचे निष्कर्ष 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. सर्दी झालेल्या आणि न झालेल्या माणसांना एका खोलीत 12 तास पत्ते खेळायला बसवले. निरोगी खेळाडूंपैकी निम्म्यांना हातपट्टा किंवा गळ्याभोवती रुंद पट्टा असा घातला, की त्यांचा हात चेहऱ्यापर्यंत पोहोचूच नये. मोकळ्या हाताच्या 18 पैकी 12 जणांना सर्दी झाली, तर हात अडवलेल्या 18 पैकी 10 जणांना. फरक किरकोळ होता. नंतर नाकाच्या स्रावाने बरबटलेले तेच पत्ते दुसऱ्या खोलीत 12 निरोगी लोकांना खेळायला दिले आणि वारंवार नाका-डोळ्यांना हात लावायला सांगितले. त्यांच्यापैकी एकालाही सर्दी झाली नाही.

याचा अर्थ हात धुणे व्यर्थ आहे असा नाही. हातातून सर्दी लागल्याचे अन्य प्रयोगांत दिसले आहे. पण रुग्णासोबत तासन्‌तास एकाच खोलीची हवा घेणे हा मोठा मार्ग आहे, हे या प्रयोगाने दाखवले.

पावसाळ्यात हवेचे काय बिघडते?

मे महिन्यात नवी मुंबईच्या सदनिकेत दोन्ही बाजूंच्या खिडक्या उघड्या असतात आणि खाडीकडचा वारा घरातून आरपार जातो. जूनमध्ये तोच वारा पाऊस आत आणतो. मग सरकत्या काचा बंद होतात, गॅलरीला प्लास्टिक लागते आणि कपडे आत वाळत पडतात. मुले मैदानाऐवजी खोलीत खेळतात. वर्गात पाण्याचे शिंतोडे येतात म्हणून खिडकीकडच्या रांगेतली मुले खिडकी ओढून घेतात. हिवाळ्यात कारणे बदलतात. पहाटेचा गारवा, संध्याकाळचे डास आणि रस्त्यावरची धूळ यांच्यामुळे खिडक्या पुन्हा बंदच राहतात.

याचा परिणाम एका उदाहरणाने पाहू. गाळ्यात चालणारा एक शिकवणी वर्ग घ्या. खोली 20 फूट लांब, 15 फूट रुंद, 10 फूट उंच. आत 30 विद्यार्थी आणि एक शिक्षक, बॅच दीड तासाची. खिडक्या बंद आणि स्प्लिट एसी सुरू. हा एसी खोलीतलीच हवा गार करून परत सोडतो, बाहेरची हवा आत घेत नाही. दाराच्या फटीतून आणि ये-जा करताना समजा तासाला दोनदा खोलीभर हवा बदलली. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे 420 भाग असतो. या खोलीत तो बॅच संपताना साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचतो. माणसाच्या उच्छ्वासात तो साधारण 38 ते 40 हजार असतो. या प्रमाणावरून हिशेब केला, तर तोपर्यंत प्रत्येकाच्या सुमारे 12 श्वासांमागे एका श्वासाइतकी हवा दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेली असते.

आता समोरासमोरची खिडकी आणि दार उघडून हवा तासाला सहा वेळा बदलली असे धरू. कार्बन डायऑक्साइड दीड हजारांवर थांबतो आणि दुसऱ्याच्या उच्छ्वासाचा वाटा 35 श्वासांमागे एकावर येतो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. वर्गात एक मुलगा सर्दी घेऊन आला असेल, तर दूर बसलेल्यांच्या वाट्याला येणारे विषाणूही साधारण त्याच प्रमाणात घटतात. अगदी शेजारी बसणाऱ्याला मात्र इतका फायदा होत नाही, कारण त्याला थेट शिंकेचा धोका असतो.

हे केवळ कागदावरचे गणित आहे का?

नाही. अमेरिकी लष्कराच्या प्रशिक्षण केंद्रांतल्या जवानांचा अभ्यास 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. काही जवान जुन्या, हवेशीर बराकींत राहत होते, तर काही वीज वाचवण्यासाठी घट्ट बंद केलेल्या नव्या बराकींत. नव्या बराकींत तापासह होणारे श्वसनविकार सुमारे दीडपट आढळले. दोन्हीकडे प्रशिक्षणार्थी जवानच होते, मुख्य फरक इमारतीच्या हवेचा होता.

भारतातही एक सूचक नमुना दिसतो. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेचा सहभाग असलेल्या फ्लूच्या पाहणीत बहुतेक शहरांत फ्लूचा भर पावसाळ्यात, तर श्रीनगरमध्ये हिवाळ्यात आढळला. दोन्ही ठिकाणी हा भर लोक दारे-खिडक्या लावून आत बसतात त्याच काळात येतो.

मग सारे खापर बंद खोलीवर फोडायचे का?

तसेही नाही. नवी मुंबईकर हार्बर आणि ट्रान्सहार्बरच्या लोकलमध्ये बाराही महिने दाटीवाटीनेच प्रवास करतो, म्हणजे केवळ गर्दीने ऋतूंमधला फरक समजत नाही. कोरड्या थंड हवेत फ्लूचा विषाणू जास्त टिकतो, पावसाळ्यात विषाणू मारणारे ऊन कमी असते, अशी इतर कारणेही आहेत. शिवाय जूनमध्ये पाऊस आणि शाळा एकदमच सुरू होत असल्याने पावसाचा परिणाम किती आणि शाळेचा किती, हे वेगळे काढणे कठीण जाते. पाश्चात्त्य देशांत सप्टेंबरमध्ये सुट्टी संपून शाळा उघडल्या की ऱ्हायनोव्हायरसची लाट येते, तीही कडाक्याच्या थंडीआधी. हे पाहता शाळेचा वाटा मोठा असावा.

शिवाय नाक गळणे म्हणजे प्रत्येक वेळी सर्दी नसते. पावसाळ्यात भिंतीवरची बुरशी आणि हिवाळ्यात धूळ-धूर यांची ॲलर्जी सर्दीसारखीच दिसते. नाक-डोळ्यांना खाज, सलग शिंका, ताप नाही आणि त्याच खोलीत किंवा त्याच वेळी रोज त्रास, ही ॲलर्जीची लक्षणे. सर्दी घसा खवखवण्याने सुरू होऊन साधारण सात ते दहा दिवसांत ओसरते. लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणे नेहमीचेच आहे आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. पावसाळ्यात नाक न गळता जोरदार ताप आला, तर मात्र डेंग्यू, मलेरिया, लेप्टोचा विचार करून डॉक्टरांकडे जायलाच हवे. दम लागत असेल तर वाट पाहू नये.

मग करायचे काय?

पाऊस ज्या बाजूने येतो ती खिडकी बंद ठेवून विरुद्ध बाजूची खिडकी आणि दार उघडे ठेवता येते. एकच खिडकी असेल, तर तिच्यात बाहेर हवा फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवून दार किलकिले ठेवावे. छताचा पंखा हवा फक्त फिरवतो, बदलत नाही. बाहेरून खोलीत शिरताच कोंदट वास आला, तर हवा बदलत नाही हे समजावे. आत बसलेल्याला तो वास जाणवत नाही, म्हणून ही परीक्षा बाहेरून येणाऱ्यानेच करायची.

जागतिक आरोग्य संघटना घराबाहेरच्या अशा बंदिस्त जागांसाठी माणशी सेकंदाला 10 लिटर ताजी हवा सुचवते. वरच्या शिकवणी वर्गाला हे माप लावले, तर खोलीतली सगळी हवा दर साडेचार मिनिटांनी बदलावी लागेल. खिडक्या उघडूनही ते दर वेळी साधणार नाही. तेव्हा दोन बॅचमध्ये 10 मिनिटे खोली रिकामी ठेवणे आणि एका खोलीत 30 ऐवजी 20 मुले बसवणे हाही उपायच आहे. शिकवणी लावताना पालक शुल्क, निकाल आणि एसी यांची चौकशी करतात. खिडकी उघडते का, हा प्रश्नही त्यात असायला हवा. मुलाला दिलेली छत्री त्याला भिजण्यापासून वाचवते, वर्गातल्या हवेपुढे तिचा उपयोग नाही.