येईन, येणार आहे की येतो?

आपल्यातल्या अनेक घरांत मुले घरी उर्दू किंवा दखनी बोलतात आणि शाळेत मराठी लिहितात. अशा मुलांच्या वह्या तपासताना एक गोष्ट दिसते. भूतकाळ त्यांना फारसा अडवत नाही, भविष्यकाळ मात्र अडवतो. उर्दूत 'आऊंगा' किंवा 'आऊंगी' एवढ्यावर पुष्कळ भागते. मराठीत 'मी येईन', 'मी येणार आहे' आणि 'मी येतो' अशी तीन रूपे आहेत. तिन्ही बरोबर आहेत, पण तिन्हींचा अर्थ एक नाही. कोणते रूप निवडायचे, हे गोष्ट कधी घडणार यावर ठरत नाही. बोलणाऱ्याने ती आधी ठरवली आहे, तिचा नुसता अंदाज बांधला आहे की ती याच क्षणी ठरवतो आहे, यावर ते ठरते.

आधी 'येणार आहे' घेऊ. 'णार' लावलेले रूप मुळात कर्त्याचे वर्णन करते. 'करणारा', 'विकणारा', 'शिकवणारी' हे शब्द आपण रोज वापरतो. 'करणार' त्यांच्याच घरातले. उर्दूतले 'आने वाला हूँ' हेही याच बांधणीचे आहे. म्हणून 'मी उद्या येणार आहे' याचा अर्थ असा की येण्याचे आजच ठरले आहे, मी आजच 'येणारा' झालो आहे. तिकीट काढले असेल, रजा घेतली असेल किंवा निदान मन पक्के झाले असेल. मुलींनी एक लक्षात ठेवावे. उर्दूत 'आने वाली हूँ' म्हणतात म्हणून मराठीत 'मी येणारी आहे' होत नाही. मुलगा असो वा मुलगी, 'मी येणार आहे' हेच रूप. 'येणारी' हे 'येणारी गाडी', 'येणारी ईद' असे नामापुढे लावायचे.

'येईन' यात असे आधीचे ठरवणे नसते. त्यात अंदाज असतो, तयारी असते किंवा एखादी अट असते. 'तुम्ही बोलावलंत तर येईन', 'बहुतेक रविवारी येईन', 'मोठी झाल्यावर ती डॉक्टर होईल.' 'जर-तर', 'बहुतेक', 'कदाचित', 'नाहीतर' हे शब्द आले की साधारणपणे हेच रूप येते.

दोन्हींतला फरक मुलांना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा स्वयंपाकघरात लवकर कळतो. गॅसवर दूध ठेवले आहे आणि अम्मी सांगते, 'आच कमी कर, नाहीतर दूध उतू जाईल.' इथे दूध अजून शांत आहे. हा अंदाज आहे. पण दूध फुगून भांड्याच्या काठापर्यंत आले, की तीच ओरडते, 'अगं बघ, दूध उतू जाणार!' आता खूण डोळ्यांसमोर आहे. पावसाचेही तसेच. 'जूनमध्ये पाऊस पडेल' हे अनुभवावरून आणि 'छत्री घे, पाऊस पडणार आहे' हे भरून आलेल्या आभाळाकडे पाहून. दूध किंवा पाऊस काही ठरवत नाही, पण घटनेची सुरुवात झालेली दिसली की मराठी तिला 'ठरलेली' मानते.

तिसरे रूप दिसायला वर्तमानकाळाचे आहे. दाराची कडी वाजते आणि घरातले कोणी म्हणते, 'थांबा, मी बघतो.' मुलगी असेल तर 'मी बघते.' हा निर्णय कडी वाजल्यावर झाला. इथे 'मी बघणार आहे' म्हटले तर कोणीतरी येणार हे आधीच माहीत होते असे वाटते, आणि 'मी बघीन' म्हटले तर सावकाश, सवडीने. 'दादीजान, पाणी मी आणते', 'पिशवी द्या, मी उचलतो' हे सगळे याच जातीचे. त्याहून घाईचे असेल तर मराठी थेट भूतकाळ वापरते: 'आलोच!', 'आलेच!' उर्दूतले 'अभी आया' अगदी हेच करते, म्हणून हे रूप आपल्या मुलांना शिकवावे लागत नाही.

चूक होते ती दुसरीकडे. उर्दूत ठरलेल्या गोष्टीसाठी 'कल मैं पूना जा रहा हूँ' हे सहज चालते. त्याचे शब्दशः मराठी करून मूल लिहिते, 'उद्या मी पुण्याला जात आहे.' बोलताना 'उद्या पुण्याला जातोय' असे मराठी माणसेही म्हणतात, त्यात वावगे नाही. परंतु निबंधात किंवा पत्रात 'उद्या मी पुण्याला जाणार आहे' हेच लिहावे. 'जात आहे' वाचले की वाटते, माणूस आत्ता रस्त्यात आहे.

हा फरक परीक्षेपुरता नाही. समजा, रविवारी अकीक्याची दावत आहे आणि चार घरांना विचारले. फूफी म्हणाल्या, 'आम्ही पाच जण येणार आहोत.' मामू म्हणाले, 'दुकान लवकर बंद झालं तर येऊ.' शेजारच्या खाला तिथल्या तिथे म्हणाल्या, 'अगं, येते ना!' चौथ्या घरातून उत्तर आले, 'बघू.' फूफींचे पाच जण तांदूळ मोजताना धरायचे. मामूंची अट आहे, त्यांना शनिवारी पुन्हा विचारायचे. खालांनी मनापासून होकार दिला आहे, पण तो ऐकल्या क्षणी दिलेला आहे. त्यांना एकदा आठवण करावी. 'बघू' हे रूप भविष्यकाळाचे असले तरी बहुतेक वेळा तो सभ्य नकार असतो.

खुद्द नकाराची गंमत वेगळीच आहे. 'येईन' आणि 'येणार आहे' या दोन्हींचा मराठीत नकार एकच: 'येणार नाही'. होकारात अंदाज आणि निश्चय वेगळे राहतात, नकारात ते मिसळतात. म्हणून 'मी येणार नाही' हे नुसते सांगितले तरी ऐकणाऱ्याला हट्ट वाटू शकतो. मराठी माणूस अशा वेळी 'जमणार नाही' किंवा 'यायला जमेल असं वाटत नाही' म्हणतो, म्हणजे नकार माणसावरून परिस्थितीवर जातो. मुलांनी शिक्षकांना किंवा वडीलधाऱ्यांना लिहिताना हे जरूर वापरावे.

राहिला 'इन्शाअल्लाह'. सूरह कहफच्या आयत 23 आणि 24 मध्ये ताकीद आहे की एखादी गोष्ट उद्या करणार असे म्हणताना अल्लाहच्या इच्छेचा उल्लेख करावा. तिथल्या अरबीकडे लक्ष द्या. 'उद्या मी हे करणार' या अर्थासाठी तिथे भविष्यकाळी क्रियापद नाही, तर 'करणारा' या अर्थाचे कर्तृवाचक रूप आहे, म्हणजे आपल्या 'णार'सारखे. म्हणजे 'इन्शाअल्लाह' ज्या वाक्याला जोडायचे, ते पक्क्या इराद्याचे वाक्य आहे. पण आपल्या बोलण्यात ते अनेकदा 'बघू'च्या जागी येते आणि मुले त्याचा अर्थ 'बहुधा नाही' असा घेऊ लागतात. 'इन्शाअल्लाह, शुक्रवारी तुला बाजारात नेणार आहे' या वाक्यात इरादा आपला आणि तडीस नेणे अल्लाहच्या हाती. इरादाच नसेल तर 'अजून ठरलं नाही' एवढे सरळ सांगावे.

मुलांसाठी तीन वाक्ये. (1) बस चुकली. आता मी रिक्षाने... . (2) अब्बांनी तिकिटे काढली आहेत; सुटीत आम्ही नागपूरला ... . (3) नीट अभ्यास केलास तर तू पास ... . उत्तरे: जातो किंवा जाते, जाणार आहोत, होशील. प्रत्येक उत्तरापुढे 'का?' विचारा. कारण सांगता आले, तर रूप समजले.