लायसन्स पोलिसांनी घेतलं, मग सुनावणी कधी? दंड भरल्यावरही प्रकरण संपत नाही, ते का?

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिकमध्ये औरंगाबाद रोडवर, नांदूर नाक्याजवळच्या मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेल्या खासगी स्लीपर बसची ट्रकशी धडक झाली. बसने पेट घेतला आणि १२ प्रवाशांचा जीव गेला. अशा प्रत्येक अपघातानंतर दोन मागण्या ठरलेल्या असतात: चालकाचं लायसन्स रद्द करा, मालकाचं परमिट रद्द करा. मागणी रास्त असते. पण लायसन्स नेमकं कोण रद्द करू शकतं, त्याआधी चालकाचं ऐकून घ्यावं लागतं का आणि तोपर्यंत त्याने गाडी चालवायची की नाही, हे प्रश्न अपघाताच्या बातमीत येत नाहीत. ते रोज द्वारका चौकात आणि मुंबई नाक्यावर अडवल्या जाणाऱ्या रिक्षावाल्याला, कॅबवाल्याला आणि डिलिव्हरीच्या पोराला पडतात.

पोलीस लायसन्स घेऊ शकतात, निलंबित करू शकत नाहीत

मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम २०६ मध्ये चौथं पोटकलम आलं. अतिवेग, धोकादायक ड्रायव्हिंग, दारू पिऊन गाडी चालवणं, रस्त्यावर शर्यत लावणं, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट, रुग्णवाहिकेला वाट न देणं अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलिसांना चालकाचं लायसन्स जप्त करता येतं. सिग्नल तोडणं आणि मोबाइल हातात धरून गाडी चालवणं ‘धोकादायक ड्रायव्हिंग’मध्ये मोडतं. जप्त केलेलं लायसन्स पोलिसांनी परवाना प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे आरटीओकडे पाठवायचं असतं. पोलिसांचं काम तिथे संपतं.

पुढचा निर्णय आरटीओचा. कलम १९ (१ए) नुसार चालकाला म्हणणं मांडण्याची संधी दिल्यावरच तो घेता येतो. त्यात दोन वाटा आहेत. एक तर चालकाला मोकळं करून लायसन्स परत द्यायचं, नाहीतर सविस्तर कारणं लिहून पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता द्यायची. दुसऱ्यांदा किंवा पुन्हा तोच प्रकार झाला, तर लायसन्स थेट रद्द होतं. वेग जास्त होता म्हणून वाहतूक पोलिसांनी परस्पर एका वाहनचालकाचं लायसन्स ९० दिवसांसाठी निलंबित केल्याचं प्रकरण २०२२ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयात गेलं. पोलिसांना तो अधिकारच नाही, तो परवाना प्राधिकाऱ्याचा आहे, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. महाराष्ट्रातही कायदा तोच आहे.

खरी गोम पोचपावतीत आहे

लायसन्स घेताना पोलिसांनी तात्पुरती पोचपावती द्यावी लागते. ती दाखवून गाडी चालवता येते, असा बहुतेक चालकांचा समज असतो. तो अर्धा खरा आहे. कलम २०६ मधल्या जुन्या तरतुदींखाली कागदपत्रं घेतली असतील, तर लायसन्स परत मिळेपर्यंत किंवा पावतीवरच्या तारखेपर्यंत गाडी चालवता येते. मात्र २०१९ च्या चौथ्या पोटकलमाखाली लायसन्स घेतलं असेल, तर लायसन्स परत मिळेपर्यंत त्या पावतीवर गाडी चालवता येत नाही. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलेलं आहे.

याचा अर्थ असा की सुनावणी व्हायच्या आधीच शिक्षा सुरू होते. आरटीओने सुनावणी किती दिवसांत घ्यावी, याची मुदत त्या कलमात नाही. फाइल पोलिसांच्या टेबलावर दहा दिवस पडली आणि आरटीओत आणखी वीस दिवस गेले, तर शेवटी ‘निर्दोष, लायसन्स परत’ असा आदेश निघूनही चालकाचा महिना बुडालेला असतो. नोकरदाराला तेवढे दिवस बसने जाता येईल. रोजच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला मात्र ही शिक्षा दंडापेक्षा कितीतरी जड पडते. बेफाम चालकांना वेळीच रस्त्यावरून दूर करावं, हा संसदेचा हेतू योग्यच होता. पण आधी हात बांधायचे आणि ऐकून कधी घ्यायचं ते ठरवायचंच नाही, ही त्या दुरुस्तीतली उणीव आहे. पोलिसांनी लायसन्स पाठवल्यापासून सात दिवसांत सुनावणी, एवढा एक नियम राज्य परिवहन विभागाने प्रशासकीय परिपत्रकाने घालून दिला, तरी निम्मा अन्याय मिटेल.

दंड भरला म्हणजे सुटलो?

नाही. आणि इथेच बरेच जण फसतात. एरवी तडजोड शुल्क भरलं की त्या गुन्ह्याबाबत पुढची कारवाई थांबते. मात्र कलम २०० ला २०१९ मध्ये जोडलेल्या परंतुकानुसार, दंड भरला तरी कलम २०६ (४) खालची लायसन्सची कारवाई सुरूच राहते. मोबाइलवर ई-चलान भरून निर्धास्त झालेल्या चालकाला काही दिवसांनी नोटीस येते आणि ‘आता कसली नोटीस?’ असा प्रश्न पडतो. शिवाय बिनतक्रार भरलेला दंड सुनावणीत कबुलीसारखा वाचला जाण्याची शक्यता असते. चूक झालीच नव्हती असं वाटत असेल, तर चलान भरण्याआधी त्यावर तक्रार नोंदवणं शहाणपणाचं.

एक प्रकरण, पायरीपायरीने

समजा, नाशिकच्या एका कॅबचालकाला द्वारका चौकात सायंकाळी थांबवलं. आरोप असा की गाडी चालवताना तो मोबाइल वापरत होता. लायसन्स घेतलं, पावती दिली. त्याचं म्हणणं असं की फोन डॅशबोर्डवरच्या होल्डरमध्ये होता आणि तो फक्त नकाशा बघत होता.

पहिलं काम पावती वाचण्याचं. तीवर कोणतं कलम आहे, जागा आणि वेळ काय लिहिली आहे, लायसन्स कोणाकडे पाठवलं जाणार आहे, हे पाहायचं. २०६ (४) लिहिलं असेल तर त्या क्षणापासून गाडी दुसऱ्या चालकाकडे द्यायची. तरीही चालवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करायला मोकळी.

दुसरं काम नोटीस येण्याची वाट न पाहण्याचं. नोटीस लायसन्सवरच्या पत्त्यावर जाते. पंचवटीतून इंदिरानगरला घर बदलून चार वर्षं झाली आणि पत्ता जुनाच राहिला, तर नोटीस परत जाते आणि ‘संधी देऊनही हजर नाही’ असा शेरा पडू शकतो. म्हणून त्याने पेठ रोडवरच्या आरटीओ कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्यावा: अमुक तारखेला लायसन्स जप्त झालं, पावतीची प्रत जोडली आहे, लवकरात लवकर सुनावणी घ्यावी. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्यायचा. उशीर कोणामुळे झाला, हे पुढे दाखवायला हाच शिक्का उपयोगी पडतो. लायसन्सची सध्याची स्थिती sarathi.parivahan.gov.in वर लायसन्स क्रमांक आणि जन्मतारीख टाकून पाहता येते. डिजिलॉकरमधली प्रत दाखवून भागेल, असं समजू नये. २०२० पासून जप्ती आणि अपात्रतेची नोंद पोर्टलवर होते, पोलिसांच्या यंत्रातही तीच दिसते.

तिसरं काम उत्तराचं, आणि या प्रकरणाचा कणा तोच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम २१ मध्ये ऑक्टोबर २०२० पासून असा बदल आहे की हातात धरायचं संपर्कसाधन गाडी चालवताना वापरणं हा दोष, पण चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने केवळ रस्ता शोधण्यासाठी ते वापरायला मुभा आहे. म्हणजे प्रश्न ‘मोबाइल होता का’ हा नाही. तो हातात होता की होल्डरमध्ये आणि त्यावर संभाषण चाललं होतं की नकाशा, हा आहे. कॅबचालकाने उत्तरात हेच लिहावं. होल्डरचा फोटो, त्या वेळी सुरू असलेल्या भाड्याचा ॲपमधला तपशील आणि त्या मिनिटांत कॉल नव्हता हे दाखवणारी कॉलची यादी जोडावी. पोलिसांकडे असलेला फोटो किंवा चित्रफीत आपल्याला दाखवावी, अशी मागणीही करावी. ज्या पुराव्यावर आदेश होणार तो आधी पाहायला मिळणं, हा ऐकून घेण्याचाच भाग आहे.

चूक खरोखर झाली असेल तर? तीही सांगता येते. पहिलाच गुन्हा आहे, अपघात झालेला नाही, जप्तीपासून इतके दिवस गाडी बंद आहे, हे दिवस तीन महिन्यांत धरावेत, अशी विनंती करता येते. विनंती मान्य होईलच असं नाही, पण ती नोंदीवर असेल तर अधिकाऱ्याला तिच्यावर काहीतरी लिहावं लागतं.

आदेश हातात आल्यावर काय बघायचं?

‘प्रकरणाचा विचार करता आपले लायसन्स तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात येत आहे,’ एवढ्या एका छापील वाक्याचा आदेश कायद्याच्या कसोटीला उतरत नाही. कायदा ‘सविस्तर कारणं’ मागतो. चालकाने काय सांगितलं आणि ते का पटलं नाही, हे त्यात दिसायला हवं. ते नसेल तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. कोणाकडे, हे आदेशात लिहिलेलं नसेल तर कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावं. अपिलाचा निर्णय कायद्याने अंतिम मानला आहे, त्यामुळे कागदपत्रं तिथेच पूर्ण जोडायला हवीत. अपात्रतेचा काळ संपला तरी लायसन्स आपोआप परत येत नाही, चालकांसाठीचं उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं.

छापील आदेशांची सवय काही अंशी वरूनच लागली. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये राज्यांना सांगितलं की अतिवेग, सिग्नल तोडणं, मोबाइल, मद्यप्राशन, मालवाहू गाडीत जादा माल किंवा माणसं अशा गुन्ह्यांत किमान तीन महिने लायसन्स निलंबित करा. तेव्हापासून निलंबनांचा आकडा हा कामगिरीचा आकडा झाला. पण समितीने सुनावणी रद्द केली नव्हती, ती करणं तिच्या हातातही नव्हतं. सुनावणी टाळून काढलेला आदेश अपिलात पडतो आणि खरोखर धोकादायक चालकही त्याच फटीतून सुटतो, हे आकडे मोजणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं.

परमिटचं गणित वेगळं

लायसन्स माणसाचं असतं, परमिट गाडीचं. बसमालकाने किंवा रिक्षामालकाने परमिटच्या अटी मोडल्या, तर कलम ८६ खाली कारवाई होते आणि ती करायची प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने. जिल्ह्यात त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. इथेही स्पष्टीकरणाची संधी आणि लेखी कारणं बंधनकारक आहेत. निलंबनाचे अधिकार खालच्या अधिकाऱ्याला देता येतात, रद्द करण्याचे नाहीत. त्यामुळे अपघाताच्या संध्याकाळी ‘परमिट रद्द’ अशी घोषणा कोणी केली, तर कायद्याने ती आदेश ठरत नाही. मालकाला राज्य परिवहन अपील न्यायाधिकरणाकडेही जाता येतं.

आणखी एक दार फक्त मालकालाच आहे. अटभंगाच्या प्रकरणात निलंबनाऐवजी ठरलेली रक्कम भरून घेण्याची मुभा कलम ८६ प्राधिकरणाला देतं. मालक पैसे भरून बस दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आणू शकतो. चालकाला तीन महिन्यांच्या बदल्यात पैसे भरायची सोय कलम १९ मध्ये नाही. जादा प्रवासी बसमध्ये कोंबायला सांगणारा अनेकदा मालकच असतो, तरीही घरी बसतो तो चालकच.